परदेशात लग्न, नोंद मायदेशी : कायदा काय सांगतो आणि कोणती कागदपत्रं न्यायची

शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी परदेशात गेलेली आपली मुलंमुली आता तिथेच लग्न करतात. कधी दोघंही महाराष्ट्रातले असतात, कधी जोडीदार दुसऱ्या देशाचा असतो. लग्न तिथल्या कायद्याने होतं, प्रमाणपत्र मिळतं आणि दोन-तीन वर्षं त्याकडे कुणी बघतही नाही. मग गावी परतल्यावर एखादं कार्यालय विचारतं, ‘भारतात नोंद आहे का?’ आणि धावपळ सुरू होते. गेल्या काही वर्षांत अशी जोडपी सल्ल्यासाठी आमच्याकडे येत आली आहेत. त्यांच्यासोबत कार्यालयांच्या पायऱ्या चढताना जे कळलं ते इथे एकत्र मांडतो. उदाहरणासाठी इंग्लंडमध्ये झालेलं लग्न घेतलं आहे, कारण तिथली पद्धत आम्हाला जवळून बघायला मिळाली. बाकी देशांसाठी कुठे फरक पडतो ते त्या त्या जागी सांगू.

आधी एक गैरसमज दूर करू. परदेशात, तिथल्या कायद्याप्रमाणे रीतसर झालेलं लग्न भारतात नोंदवलं नाही म्हणून बेकायदेशीर ठरत नाही. नोंद म्हणजे लग्नाचा पुरावा. लग्न त्याआधीच झालेलं असतं. परदेशी विवाह कायदा, १९६९ मध्येही स्पष्ट म्हटलं आहे की या कायद्याबाहेर परदेशात झालेल्या लग्नाच्या वैधतेला हा कायदा धक्का लावत नाही. त्यामुळे पुष्कळ कामांना, उदाहरणार्थ बँकेतलं नामनिर्देशन किंवा विमा, परदेशी प्रमाणपत्र नीट साक्षांकित केलेलं असेल तर पुरतं. सगळ्यांनीच इथे पुन्हा नोंद करावी असं आमचं म्हणणं नाही. पण सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत सेवापुस्तकात जोडीदाराचं नाव लावताना, वारसाहक्काच्या कामात किंवा परदेशी जोडीदारासाठी ओसीआय कार्ड काढताना प्रश्न येतो. ओसीआयच्या बाबतीत तर नागरिकत्व कायद्यातच अट आहे : लग्न नोंदलेलं असलं पाहिजे आणि अर्जाच्या आधी सलग किमान दोन वर्षं टिकलेलं असलं पाहिजे.

तीन दारं, त्यातलं आपलं कोणतं?

बहुतेक जोडपी पहिल्यांदा जातात ती महापालिकेच्या विभाग कार्यालयात, गावी असतील तर ग्रामसेवकाकडे. तिथे नोंद होते ती १९९८ च्या महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमाखाली. हा राज्याचा कायदा आहे, राज्यात लागलेल्या लग्नांसाठी आहे. लंडनला किंवा लेस्टरला लागलेलं लग्न तिथे नोंदवून घेत नाहीत, आणि यात त्या कारकुनाचा दोष नसतो. तिथे वाद घालण्यात दिवस घालवू नका.

दुसरं दार परदेशातच असतं. १९६९ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, दोघांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल आणि लग्न त्या देशाच्या कायद्याने झालं असेल, तर त्या देशातल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात नेमलेला विवाह अधिकारी ते नोंदवू शकतो. अशी नोंद झाली की त्या तारखेपासून ते लग्न भारतीय कायद्याखालीच झालं असं मानलं जातं. कलम ४ च्या अटी मात्र पूर्ण व्हाव्या लागतात : दोघांपैकी कुणाचाही दुसरा जोडीदार हयात नसावा, वराचं वय २१ आणि वधूचं १८ पूर्ण असावं, मनाई असलेलं नातं नसावं. अधिकाऱ्याने नकार दिला तर तीस दिवसांत केंद्र सरकारकडे अपील करता येतं. तुम्ही अजून परदेशात असाल आणि कायमचे परतण्याच्या तयारीत असाल, तर आमचा सल्ला हाच की सामान बांधण्याआधी तिथल्या दूतावासात चौकशी करा. एकदा ही नोंद झाली की इथे येऊन दुसरी करायची गरज नाही.

तिसरं दार म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. मायदेशी परतलेल्यांसाठी खरं दार हेच. या कायद्याखाली नवीन लग्न लावता येतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या प्रकरणात, कलम १५ ते १८ मध्ये, इतर पद्धतीने आधीच झालेल्या लग्नाची नोंद करण्याची सोय आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कलम १५ ‘कोणतंही’ लग्न म्हणतं. ते भारतातच लागलेलं असावं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आपल्याकडे हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाखालचे विवाह अधिकारी बघतात. काही अधिकारी ‘परदेशातलं लग्न म्हणजे परदेशी विवाह कायदा’ एवढंच म्हणून परत पाठवतात. अशा वेळी कलम १५ ची छापील प्रत सोबत ठेवावी, आणि तरीही नकार मिळाला तर तो लेखी मागावा. नोंद नाकारणाऱ्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. तोंडी नकाराविरुद्ध कुठेच जाता येत नाही. लेखी मागितल्यावर नकाराचं ‘बघतो, अर्ज ठेवून जा’ झालेलं आम्ही एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

बौद्ध जोडप्यांसाठी इथे एक वेगळा मुद्दा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्धांनाही त्या कायद्याच्या व्याख्येत ओढलेलं आहे, आणि स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी अजून मागणीच आहे. त्या वादात इथे शिरत नाही. एवढंच सांगतो की कलम १५ खालची नोंद कुणाच्याही धर्मावर अवलंबून नाही. दोघंही बौद्ध असोत, एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती असो, अर्ज तोच. फरक पडतो तो वारसाहक्कात. या कायद्याखाली आलेल्या लग्नांना साधारणपणे भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. पण दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी असतील तर कलम २१-अ मुळे तो बदल होत नाही, आधीचाच वारसा कायदा चालू राहतो. जोडीदार ख्रिस्ती किंवा मुस्लिम असेल आणि गावी शेती, घर असेल, तर ही एक गोष्ट वकिलाला विचारूनच अर्ज करा.

विहारातलं लग्न आणि कार्यालयातलं लग्न

कागदपत्रांकडे जाण्याआधी तारखेचा प्रश्न सोडवायला हवा, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडखळतात.

इंग्लंडमध्ये कायदेशीर लग्नासाठी आधी रजिस्टर ऑफिसात दोघांनी नोटीस द्यावी लागते, किमान २८ दिवस थांबावं लागतं, आणि मग लग्न रजिस्टर ऑफिसात, मान्यताप्राप्त जागेत किंवा विवाहासाठी नोंदलेल्या धार्मिक वास्तूत लागतं. विहार तसा नोंदलेला नसेल तर तिथे भिक्खूंच्या उपस्थितीत त्रिशरण-पंचशील घेऊन झालेला मंगलपरिणय मनाने कितीही खरा असला, तरी तिथल्या कायद्यापुरता तो समारंभ असतो, विवाह नाही. बरीच जोडपी दोन्ही करतात : आधी रजिस्टर ऑफिस, मग सवडीने विहारात मंगलपरिणय, आणि पुढच्या सुट्टीत गावी येऊन तिसऱ्यांदा मंडप. फोटो, पत्रिका, फेसबुकवरचा वाढदिवस सगळे विहाराच्या किंवा गावच्या तारखेचे. अर्ज भरताना हात आपोआप तीच तारीख लिहितो.

अर्जात लिहायची तारीख एकच : परदेशी प्रमाणपत्रावर असलेली. बाकी समारंभ झाले असतील तर ते सांगायला हरकत नाही, पण लग्नाची तारीख म्हणून नाही. आणि ज्यांनी फक्त विहारातच लग्न केलं, रजिस्टर ऑफिसात गेलेच नाहीत, त्यांच्याकडे परदेशी कायद्याने झालेलं लग्नच नाही. त्यांनी या लेखातली वाट धरू नये. इथे येऊन रीतसर लग्न करावं, ते सोपं पडेल.

याच्या उलटा एक ‘शॉर्टकट’ गावोगावी सुचवला जातो. परदेशातलं लग्न विसरा, इथे विहारात पुन्हा लग्न लावा आणि विभाग कार्यालयात त्या तारखेची नोंद करून टाका, आठवड्यात प्रमाणपत्र हातात. आम्ही याच्या ठाम विरोधात आहोत. त्या अर्जात लग्नाआधीची स्थिती ‘अविवाहित’ लिहावी लागते आणि ते खोटं असतं, कारण तुमचं लग्न आधीच झालेलं आहे. हातात एकाच जोडीदाराशी दोन लग्नांची दोन प्रमाणपत्रं येतात, दोन वेगळ्या तारखांची. पुढे व्हिसाच्या नूतनीकरणात एक तारीख आणि भारतातल्या कागदात दुसरी निघाली की संशय तुमच्यावर येतो. मूल दोन तारखांच्या मध्ये जन्मलेलं असेल तर आणखी विचित्र प्रश्न उभे राहतात. कलम १८ प्रमाणे केलेल्या नोंदीत मात्र मूळ समारंभाची तारीख कायम राहते आणि त्यानंतर जन्मलेली सगळी मुलं औरसच मानली जातात. त्यांची नावंही नोंदवहीत येतात.

तीस अधिक तीस

आता मुख्य अडचण. नवीन लग्नासाठी नोटीस देताना दोघांपैकी एकाने जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असलं तरी चालतं. कलम १५ खालच्या नोंदीसाठी तसं नाही. इथे दोघांनीही अर्जाच्या लगेच आधीचे किमान तीस दिवस त्या विवाह अधिकाऱ्याच्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिल्यावर जाहीर नोटीस लागते आणि हरकतींसाठी आणखी तीस दिवस द्यावे लागतात. त्यानंतर दोघं आणि तीन साक्षीदार यांच्या सह्यांनी प्रमाणपत्र होतं. म्हणजे कमीत कमी साठ दिवस, सुट्ट्या धरून सत्तरच्या घरात. तीन आठवड्यांच्या रजेवर येऊन हे होणार नाही, कितीही ओळख असली तरी.

एका जोडप्याचं उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. ती चंद्रपूरची, तो नागपूरचा, दोघंही बौद्ध, दोघंही भारतीय नागरिक. १४ जून २०२३ ला इंग्लंडमधल्या एका रजिस्टर ऑफिसात लग्न, ऑगस्टमध्ये विहारात मंगलपरिणय. पुढच्या वर्षी तिला नागपुरात एका निमसरकारी संस्थेत नोकरी मिळाली आणि संस्थेने भारतातल्या नोंदीचं प्रमाणपत्र मागितलं. दोघं २ नोव्हेंबर २०२४ ला नागपुरात उतरले. ती कायमची, तो दहा आठवड्यांसाठी. त्याचं परतीचं तिकीट १२ जानेवारीचं. त्यांनी हिशोब केला होता : २ डिसेंबरला तीस दिवस पूर्ण, चार तारखेला अर्ज, ३ जानेवारीला नोटिशीची मुदत संपते, ६ जानेवारीला सह्या. हातात पाच-सहा दिवस उरतात.

हिशोब बरोबर होता, फक्त एक गोष्ट सुटली. आल्या आल्या ती बारा दिवस चंद्रपूरला आईकडे राहिली. त्यात चूक काहीच नाही, दोन वर्षांनी लेक घरी येते तेव्हा आई दोन दिवसांत सोडत नाही. पण चंद्रपूर वेगळा जिल्हा. तिचे नागपूर जिल्ह्यातले तीस दिवस १४ नोव्हेंबरपासून मोजायचे. ते १४ डिसेंबरला भरले, तो शनिवार. अर्ज गेला सोमवारी, १६ डिसेंबरला. नोटिशीचे तीस दिवस १५ जानेवारीला संपत होते, आणि त्याचं विमान १२ तारखेला. अर्जात ‘दोघंही २ नोव्हेंबरपासून नागपुरात’ असं लिहून टाकू, असं कुणीतरी सुचवलंच. ते दोघं तयार झाले नाहीत आणि ते योग्यच झालं. प्रतिज्ञापत्रावरचं खोटं विधान हा गुन्हा आहे, आणि नोटीस लागलेली असताना चंद्रपूरचे बारा दिवस माहीत असलेला एकही नाखूश नातेवाईक पुरेसा असतो. शेवटी त्याने तिकीट २० जानेवारीवर ढकललं, भुर्दंड भरला, आणि १६ तारखेला सह्या झाल्या. तिकीट काढण्याआधी अर्जाची तारीख ठरवा, असं आम्ही तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

कलम १५ मध्ये आणखी दोन अटी आहेत ज्या नजरेतून सुटतात. नोंदणीच्या वेळी दोघांचंही वय २१ पूर्ण हवं, मुलीचंही; इथे १८ चालत नाही. आणि लग्नानंतर दोघं पती-पत्नी म्हणून एकत्र राहत असले पाहिजेत. नोकरीमुळे काही महिने वेगळ्या शहरात काढावे लागले तर संसार मोडला असं होत नाही, पण ते प्रतिज्ञापत्रात सरळ लिहिलेलं बरं. खरोखरच वेगळे झालेले काही जण घटस्फोटाची सोय व्हावी म्हणून आधी नोंद करायला येतात. त्यांना ही नोंद मिळणार नाही, आणि खोटं सांगून मिळवली तरी नोंदीच्या तारखेपासून एक वर्षापर्यंत साधारणपणे घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही.

पिशवीत काय काय हवं

सगळ्यात आधी परदेशी विवाह प्रमाणपत्र. फोटोकॉपी किंवा मोबाईलमधला फोटो नव्हे, तर तिथल्या निबंधकाने सही-शिक्क्याने दिलेली प्रमाणित प्रत. आणि त्यावर ॲपोस्टिल. ॲपोस्टिल म्हणजे हेगच्या १९६१ च्या करारातून आलेलं एक प्रमाणन. भारत या करारात २००५ पासून आहे. नेहमी होणारी चूक अशी की प्रमाणपत्र घेऊन लोक भारतात परततात आणि इथे परराष्ट्र मंत्रालयाकडून ॲपोस्टिल मागायला जातात. ते मिळत नाही. ज्या देशाने कागद दिला त्याच देशाने ॲपोस्टिल द्यायचं असतं. इंग्लंडच्या कागदावर ते तिथल्या परराष्ट्र कार्यालयाचा लीगलायझेशन विभाग देतो. राहून गेलं असेल तर कागद तिथे पाठवून करून घेता येतं, पण त्यात वेळ जातो, आणि मूळ कागद टपालात असताना जिवाला घोर. संयुक्त अरब अमिरातीचं उदाहरण वेगळं आहे. दुबई किंवा शारजाच्या कागदाला आधी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं आणि मग तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन, अशी जुनी दोन पायऱ्यांची पद्धत चालत आली आहे. प्रमाणपत्र जपानी, जर्मन, थाई अशा भाषेत असेल तर इंग्रजी किंवा मराठी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडा. भाषांतर मूळ कागदावरच्या ॲपोस्टिलसकट करून घ्या, नाहीतर शिक्क्यात काय लिहिलंय असा प्रश्न येतोच.

त्यानंतर पासपोर्ट, दोघांचे, मूळ आणि प्रती. पहिलं-शेवटचं पान पुरत नाही. भारतात आल्याचा शिक्का असलेलं पानही द्या. जिल्ह्यातल्या तीस दिवसांचा पहिला पुरावा तोच असतो, आणि अधिकारीही तोच आधी बघतो. शिक्का अठरा दिवसांपूर्वीचा असेल तर पुढचे सगळे कागद व्यर्थ.

पत्त्याचा पुरावा दोघांचाही हवा, आणि तो त्याच जिल्ह्यातला. इथे सुनांची पंचाईत होते. आधार कार्डावर माहेरचा पत्ता, मतदार ओळखपत्र माहेरचं, बँक खातं परदेशातलं. आधारवरचा पत्ता आल्याबरोबर पहिल्या आठवड्यात बदलायला टाका. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरारावर दोघांचीही नावं घाला. सासरच्या घरात असाल तर घरमालकाचं, म्हणजे बहुधा सासऱ्यांचं, संमतीपत्र आणि वीजबिल. वरच्या उदाहरणातल्या मुलीचं आधार चंद्रपूरचंच होतं. तो पत्ता बदलून येईपर्यंत संमतीपत्र आणि संस्थेचं रुजू झाल्याचं पत्र यांवर काम भागलं.

वयासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. प्रतिज्ञापत्रं दोघांची वेगळी : लग्न कुठे, कधी, कोणत्या कायद्याने झालं, तेव्हापासून एकत्र राहतो, लग्नाच्या वेळी आणि आताही दुसरा जोडीदार नाही, आपसात मनाई असलेलं नातं नाही, या जिल्ह्यात अमुक तारखेपासून राहतो. पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले. साक्षीदार तीन, ओळखपत्र आणि पत्त्याच्या पुराव्यासह. परदेशातल्या लग्नाला हजर असलेलेच साक्षीदार आणा असं काही कार्यालयं म्हणतात. कायदा प्रमाणपत्रावर तीन साक्षीदारांच्या सह्या मागतो, एवढंच. तरी लग्नाला गेलेला एखादा भाऊ किंवा मित्र इथे असेल तर त्याला आणा, बोलणं कमी होतं.

आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्युदाखला लागेल. हुकूमनामा परदेशी न्यायालयाचा असेल तर मात्र सावध. भारतात झालेलं पहिलं लग्न परदेशी न्यायालयाने मोडलं, तर तो निकाल इथे आपोआप मान्य होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा नरसिंह राव प्रकरणातला निकाल यांच्या कसोटीवर तो उतरावा लागतो. हे काम अर्ज भरणाऱ्या एजंटाचं नाही, वकिलाचं आहे. जोडीदार परदेशी नागरिक असेल तर त्याचा वैध व्हिसा, आणि लग्नाआधी तो किंवा ती लग्नाला मोकळी होती याचा त्या देशाचा किंवा त्याच्या दूतावासाचा दाखला मागितला जातो. इंग्लंडच्या प्रमाणपत्रावर लग्नाआधीची वैवाहिक स्थिती छापलेली असते, तिचा इथे उपयोग होतो.

नावांचा घोळ

आपल्या समाजात हा प्रश्न नेहमीपेक्षा जास्त येतो, म्हणून वेगळा सांगतो. अनेक कुटुंबांनी आडनाव बदललं आहे. वडिलांच्या दाखल्यावर जुनं, मुलाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर नवं, पासपोर्टवर आडनाव एक आणि वडिलांच्या रकान्यात दुसरं. इंग्लंडमध्ये ४ मे २०२१ पासून विवाह प्रमाणपत्रावर दोघांच्या आईचंही नाव येतं. त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर फक्त वडिलांचं असायचं. ही चांगली गोष्ट आहे, पण त्यामुळे जुळवायची नावं वाढली. तिथे नोटीस देताना आईचं नाव घाईत ‘शोभाबाई’ सांगितलं आणि इथल्या दाखल्यावर ‘शोभा’ असलं, तरी विवाह अधिकारी थांबू शकतो.

किरकोळ फरकाला ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र चालतं. आडनावच वेगळं असेल तर राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी जोडा. वडिलांच्या काळची असेल तर ती शोधून काढा. लग्नानंतर मुलीने नाव बदललं असेल तर अर्जात लग्नाच्या वेळचं नाव लिहायचं, सध्याचं नाव ‘ऊर्फ’ म्हणून. नोंद होण्याआधी नवीन नावाने पासपोर्ट काढण्याची घाई करू नका. मग प्रमाणपत्र एका नावाचं आणि पासपोर्ट दुसऱ्या, अशी उलटी अडचण होते. ज्यांचं लग्न अजून व्हायचं आहे त्यांनी परदेशात नोटीस देताना दोघांच्या आईवडिलांची नावं पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आहेत तशीच, त्याच स्पेलिंगने सांगावी. हे एक केलं की पुढचे निम्मे कागद वाचतात.

नोटीस लागल्यावर

आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडप्यांना या तीस दिवसांची भीती वाटते, आणि ती उगाच नाही. नोटीस जाहीर असते, त्यात नावं आणि पत्ते असतात. परदेशात लग्न झालेल्यांना एक दिलासा असा की त्यांचं लग्न आधीच झालेलं आहे. हरकत आली तरी लग्न थांबत नाही, फार तर नोंद लांबते. हरकत ऐकली जाते ती कलम १५ च्या अटींपुरतीच : वय, दुसरा जोडीदार, मनाई असलेलं नातं, मानसिक अक्षमता, एकत्र राहणं, जिल्ह्यातला रहिवास. आईवडिलांची संमती नव्हती, जात वेगळी आहे, ही कारणं त्यात नाहीत. म्हणूनच रहिवासाचे कागद चोख ठेवा, कारण खोडा घालणाऱ्याच्या हातात खरोखर लागण्यासारखी तेवढी एकच गोष्ट असते. धमकी येत असेल तर अर्ज देतानाच जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या.

सह्यांच्या दिवशी मूळ कागद, दोघं आणि तिन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर लागतात. प्रमाणपत्र हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाचा : समारंभाची तारीख, ठिकाण, दोघांची नावं, आईवडिलांची नावं, मुलांची नावं. टंकलेखनाची चूक त्याच टेबलावर दुरुस्त होते. दोन महिन्यांनी त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. नागपूरच्या त्या जोडप्याच्या प्रमाणपत्रावर लग्नाचं वर्ष २०२४ पडलं होतं. तिने ते वाचलं, कारकुनाने दहा मिनिटांत नवीन प्रत काढून दिली, आणि दुसऱ्या दिवशी तिने ते संस्थेत जमा केलं.